वक्तृत्व स्पर्धेत बोलण्याचा क्रम: चिठ्ठ्या काढाव्यात की प्रवेशिकांच्या क्रमाने?

नियोजनवाली: आमच्या आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत ज्याची प्रवेशिका आधी येते तो आधी बोलतो. यंदा चिठ्ठ्या काढू असं मी बैठकीत म्हटलं, तर "परीक्षक काय कच्चे आहेत का?" असं ऐकून घ्यावं लागलं. ४० स्पर्धक, ३ परीक्षक, १०० पैकी गुण. क्रमाने खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर चिठ्ठ्यांनी तो जातो का?

सातारी_बाणा: काही फरक पडत नाही हो. मी बरीच वर्षं परीक्षण करतोय. सोनं ते सोनंच, पहिलं बोललं काय नि चाळिसावं काय. चिठ्ठ्यांच्या सोहळ्यात अर्धा तास जातो, त्यात तिघा-चौघांची भाषणं होतात.

परिमिती: बाणाकाका, परीक्षक कच्चा की पक्का हा प्रश्नच नाही. पहिला मुलगा फर्डं बोलला तरी तुम्ही त्याला ८५ देता का? पुढचे ३९ कसे निघतील ते ठाऊक नसतं. ८५ देऊन बसलात आणि मागून त्याहून सरस कोणी आला, तर वर जागा उरत नाही. म्हणून हात राखून ७४ दिले जातात. विसाव्या-पंचविसाव्या भाषणापर्यंत एकूण दर्जाचा अंदाज आलेला असतो, तेव्हा तशाच भाषणाला ८२ सहज पडतात. (आकडे समजावण्यापुरते.)

उलटही होतं. पहिलंच भाषण सुमार असेल तर ३५ द्यायलाही हात धजत नाही, ५५ मिळून जातात. सुरुवातीच्यांचे गुण असे मधोमध गोळा होतात. सुमार वक्त्याला त्याचा थोडा फायदाच होतो, पण बक्षिसं वरच्या टोकाला असतात, म्हणून मार बसतो तो चांगल्या वक्त्याला.

तुमचा अनुभव मोठा आहेच. पण ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेचे परीक्षकही नावाजलेले वादकच असतात. अंतिम फेरीत १२ जण, रोज दोघं, सहा संध्याकाळी, क्रम चिठ्ठीने ठरलेला. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ साली तिथले जुने निकाल तपासले. पहिल्या दिवशी वाजवणारे वरच्या क्रमांकांत कमी आढळले. पुढे २००३ मध्ये गिन्सबर्ग आणि व्हान अवर्स यांनी दाखवलं, की वरचा क्रमांक मिळालेल्यांना नंतरच्या कारकिर्दीतही त्याचा फायदा होतो, मग तो क्रमांक वाजवण्याच्या पाळीमुळे का मिळालेला असेना.

कोकणकन्येची_आई: अगदी! माझ्या लेकीला तालुक्याच्या स्पर्धेत पहिला नंबर आला, म्हणजे बोलायचा. एक परीक्षक चहा संपवत होते, माईक कुईं करत होता. उत्तेजनार्थही नाही. आणि नंबर चिठ्ठीनेच निघाला होता बरं का. मग चिठ्ठीने काय साधलं?

बंडूनाना: माझं मत: अनुकूल की प्रतिकूल हे चिठ्ठीनेच ठरावं. मुलं सोपी बाजू आधीच पटकावतात.

नियोजनवाली: नाना, ते वादविवादाचं झालं. आमच्याकडे नुसतं वक्तृत्व आहे, बाजू नाहीत.

तर्कट: आईंचा मुद्दा बरोबर आहे. चिठ्ठी म्हणजे निव्वळ नशीब, आणि गुणवत्तेच्या स्पर्धेत नशीब कशाला? त्यापेक्षा छोटी प्राथमिक फेरी घ्या आणि अंतिम फेरीत कमी गुणवाल्याला आधी, जास्त गुणवाल्याला शेवटी बोलवा. फिगर स्केटिंगमध्ये आघाडीवरचे शेवटच्या गटात उतरतात. रंगतही वाढते.

परिमिती: रंगत वाढते, मान्य. पण उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ब्रुइन डी ब्रुइन या अभ्यासिकेने २००५ आणि २००६ मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धा आणि फिगर स्केटिंगचे निकाल पाहिले. दोन्हीकडे उशिरा येणाऱ्यांना सरासरीने जास्त गुण होते. स्केटिंगच्या पहिल्या फेरीत ज्याला चिठ्ठीने उशिराचा क्रमांक आला, त्याला थोडे जास्त गुण पडले. त्या गुणांमुळे दुसऱ्या फेरीतही तो उशिरा उतरला आणि पुन्हा फायदा झाला. नशीब गेलं नाहीच, दुप्पट मात्र झालं.

आणि आई, तुमचा प्रश्न रास्त आहे. चिठ्ठीने पहिल्या क्रमांकाचं नुकसान भरून येत नाही. तिथे कोणीतरी बसणारच. ते कोण, हे मात्र कोणाच्या हातात राहत नाही. प्रवेशिकेच्या क्रमात ते हातात असतं. जे महाविद्यालय वेळेवर अर्ज पाठवतं तेच दरवर्षी सकाळी सव्वादहाला रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलतं. ज्यांना ही मेख माहीत आहे ते शेवटच्या दिवशी पाठवतात.

आणखी एक. जुन्या गुणपत्रिका काढून पहिल्या दहांची सरासरी शेवटच्या दहांशी ताडून पाहता येते. क्रम चिठ्ठीचा असेल आणि बऱ्याच वर्षांत मिळून फरक दिसला, तर तो क्रमाचाच. क्रम प्रवेशिकांचा असेल तर आधी अर्ज करणारेच कदाचित वेगळ्या तयारीचे असतील. मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

सातारी_बाणा: हात राखून गुण देतो हे खरंय, ते नाकारत नाही. पण मी शेवटी मागे जाऊन पहिल्यांचे गुण दुरुस्त करतो.

नियोजनवाली: आमच्याकडे नाही जमणार ते. प्रत्येक भाषण झालं की स्वयंसेवक गुणपत्रिका उचलून बेरजेला नेतो, म्हणजे निकाल लवकर लागतो.

परिमिती: मग तेच आधी बंद करा. पहिल्या पाच-सहा भाषणांच्या पत्रिका तरी मध्यंतरापर्यंत परीक्षकांकडे राहू द्या. शिवाय स्पर्धेबाहेरच्या कोणाचं तरी, गेल्या वर्षीच्या विजेत्याचं म्हणा, एक भाषण सुरुवातीला ठेवा. त्यावर तिघांनी गुण द्यावेत, एकमेकांशी बोलावं आणि ते कागद फाडून टाकावेत. हात राखणं बरंचसं तिथेच संपतं.

तर्कट: आणि पत्रिका हातात राहिल्या की परीक्षक शेवटी बेरीज बघून आपल्या लाडक्याला दोन गुण वाढवणार नाही कशावरून?

परिमिती: ती भीती खरी आहे. म्हणूनच मी मध्यंतरापर्यंत म्हटलं, शेवटपर्यंत नाही. तरी धोका उरतोच.

नाट्यवेडा_पुणे: एकांकिकांच्या लॉट्सला जाऊन जाऊन अंगवळणी पडलेल्या दोन गोष्टी सांगतो. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकसारख्या घडीच्या हव्यात, आणि सगळ्यांसमोर स्पर्धकानेच उचलायच्या. डबा नीट हलवा, हे हसण्यावारी नेऊ नका. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली, त्यात कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने टाकल्या आणि पुरेशा मिसळल्या नाहीत. वर्षाअखेर जन्मलेल्या मुलांच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या.

दुसरं, "उशिरा येणाऱ्याला शेवटी बोलवू" हा नियम काढून टाका. तो ठेवला की दर वर्षी नेमक्या हुशार मुलांच्याच एसट्या बंद पडतात.

गडहिंग्लजकर: हसू आलं, पण आमच्या एसट्या खरंच बंद पडतात. शेवटची गाडी साडेचारला. चिठ्ठीत ३८ वा क्रमांक आला तर मुलीने मुक्काम कुठे करायचा? प्रवेशिकेच्या क्रमात निदान लवकर अर्ज करून लवकर सुटता येतं.

परिमिती: यावर सोय निघते. प्रवेशिकेवरच विचारा, परतीच्या गाडीमुळे दुपारपर्यंत मोकळं व्हायला हवं का. ज्यांना हवं त्यांच्या चिठ्ठ्या सकाळच्या सत्रासाठी वेगळ्या डब्यात टाका, सकाळच्या उरलेल्या जागा बाकीच्यांतून सोडतीने भरा आणि मग दोन्ही सत्रांत आतला क्रम चिठ्ठीनेच ठरवा.

गडहिंग्लजकर: म्हणजे लांबून येणारी सगळी मुलं सकाळीच. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, हात राखून गुण मिळतात तेव्हा.

परिमिती: हो, ती अडचण राहते. स्पर्धेबाहेरच्या भाषणाने कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. सकाळ-दुपारचे विजेते वेगवेगळे काढून त्यांची छोटी अंतिम फेरी घेतली तर बरं, पण वेळ?

नियोजनवाली: वेळ नाहीये, सभागृह पाचलाच रिकामं करून द्यायचंय. बैठकीत दोन डबे आणि स्पर्धेबाहेरचं पहिलं भाषण एवढं मांडते. बाणाकाका, परीक्षक म्हणून सांगा, त्या भाषणाचे गुण तिघांनी एकमेकांना दाखवायला तुमची हरकत असेल का?

सातारी_बाणा: दाखवायला हरकत नाही. चर्चा मात्र नको. एक ज्येष्ठ बोलला की बाकीचे दोघं त्याच्यामागे जातात.

कोकणकन्येची_आई: आणि त्याआधी चहा होऊ द्या त्यांचा.