बस्त्याचा खर्च ठरवतं कोण : मुलीचा बाप की सोयरे?

पाच एकर, दारव्हा तालुका
मुलीचं लग्न मार्चात आहे. पुढच्या रविवारी यवतमाळला बस्ता बांधायला जायचं ठरलं. आमच्या बाजूनं 45 हजार वेगळे काढून ठेवले आहेत. साळा म्हणतो 70 शिवाय जमत नाही, मोठा भाऊ म्हणतो सोयऱ्यांत नाक खाली जाईल. बायको काहीच बोलत नाही. कापसाच्या पैशातच भागवायचं आहे, कोणापुढे हात पसरायचा नाही. कमी केलं तर लोक खरंच बोलतात का, की आपणच भीत राहतो?

कापडाची गादी, दिग्रस
दादा, वीस-बावीस वर्षं झाली, बस्त्याची गिऱ्हाइकं माझ्यासमोर बसतात. लोक बोलतात, पण सगळ्या कापडाबद्दल बोलत नाहीत. कोणत्या कापडाबद्दल बोलतात ते आधी ओळखून ठेवलं तर 45 हजारांत नीट निभतं.

मागच्या हंगामातला एक बस्ता सांगतो, आर्णीकडचे लोक होते. मुलीच्या बापानं कागदावर लिहून आणलं होतं: नवरदेवाचे कपडे 5 हजार, मानाच्या 30 साड्या चारशेच्या भावानं म्हणजे 12 हजार, टॉवेल-टोपी 6 हजार, मुलीसोबत द्यायच्या गाद्या-चादरी 6 हजार, घरच्यांचे कपडे 15 हजार. एकूण 44 हजार. दोन्ही घरचे मिळून चौदा माणसं आली.

आपल्याकडे नवरीचं कापड मुलाकडचे घेतात आणि नवरदेवाचं मुलीकडचे. आधी शालू निघाला. नवरीनं साडेचार हजारांच्या एका शालूवर हात ठेवला, रंगही तिला आवडला होता. तेवढ्यात मुलाची आत्या म्हणाली, ‘आमच्या धाकट्या सुनेच्या वेळी आठचा होता.’ पुढचा अर्धा तास मी आठच्या वरचेच शालू उलगडत होतो. 8,200 ला एक पक्का झाला. पैसे मुलाकडचे, म्हणून मुलीचा बाप निवांत होता. पण नवरदेवाचे कपडे काढायला सांगितले तसा मुलीचा मामा म्हणाला, ‘त्यांनी आठचा शालू घेतला, आता आपण पाचचा कोट कसा घ्यायचा?’ साडेआठ हजारांचा घेतला. आत्याचं ते एक वाक्य मुलीच्या बापाला साडेतीन हजारांना पडलं, आणि ते तिथे बसलेल्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग मानाच्या साड्या. सहा जवळच्या बायकांना नऊशेच्या, बाकी चोवीस पाचशेच्या. 12 हजारांचे 17,400 झाले. टॉवेल-टोपी आणि घरचे कपडे होते तिथेच राहिले. शेवटी मुलीच्या आईनं हळूच विचारलं, ‘गाद्यांमध्ये काही कमी होते का?’ सहा हजारांच्या ठिकाणी चारच्या घेतल्या. बेरीज 50,900.

मुलगी रोज ज्या गादीवर झोपणार त्यातले दोन हजार कापले, आणि जे मांडवात एक दिवस दिसणार त्यात नऊ हजार वाढवले. असं मी दर हंगामात पाहतो. जे चार लोकांसमोर उलगडलं जाते त्याचा भाव लोक ठरवतात. जे घडी घालून पेटीत जाते त्याचा भाव घरचे ठरवतात.

म्हणून तुमच्या यादीतल्या एकेका वस्तूपुढे थांबून बघा: ही वस्तू कोणी न बघता घरात आली असती, तर मी याच भावाची घेतली असती का? उत्तर ‘नाही’ येईल तिथे सोयरे तुमच्या खिशात हात घालत आहेत असं समजा.

जुनी वही
मी मास्तर होतो, रिटायर झालो. वरचं वाचलं, पण पटलं नाही. लग्नात जाणाऱ्या पैशाला तुम्ही सरळ खर्च म्हणता. माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाची, 1998 सालची आहेराची वही अजून माझ्याजवळ आहे. कोणी किती दिलं ते नावानिशी लिहिलेलं आहे. नंतर त्यांच्या घरी कार्य निघालं की मी ती वही उघडतो. 51 आले होते तिथे 101 देतो, 101 होते तिथे 251. धाकट्याच्या लग्नात तेच लोक अजून वाढवून देऊन गेले. ही आपली भिशीच आहे, व्याज नाही आणि कागदपत्रंही नाहीत. अडचणीच्या वेळी बँकेआधी सोयरा धावून येते, आणि तो येते कारण तुम्ही त्याचा मान ठेवलेला असतो. साल्याचं म्हणणं धुडकावू नका.

कापडाची गादी, दिग्रस
गुरुजी, रोखीच्या आहेराबद्दल तुमचं बरोबर आहे, तो फिरून येते. कापडाचं तसं नाही. मानाची साडी जी बाई घेऊन जाते ती नेसत नाही, दुसऱ्याच्या लग्नात देऊन टाकते. मी विकलेली साडी तिसऱ्या वर्षी माझ्याच दुकानात बदलायला आलेली पाहिली आहे. घडी मोडलेली नव्हती, घडीच्या रेघेवर कापड मात्र पिवळं पडलं होतं. पाचशेची वस्तू फिरता फिरता कोणाच्याच अंगाला लागली नाही. रोख 101 दिले तर 101 राहतात. साडीचं तसं होत नाही.

सुनबाई, घाटंजीकडची
गुरुजी, वहीत मोठे आकडे त्यांच्याच नावापुढे असतात ज्यांना मोठे आकडे देणं झेपते. माझे वडील मजुरी करतात. त्यांनी लोकांना 51 दिले, त्यांना 51 च येणार. पण पंगत आणि आंदण त्यांना पाच एकरवाल्याच्या बरोबरीनं करावं लागलं, कारण मांडवात बघणारे डोळे तेच होते. मग भिशी कुठे राहिली?

माझ्याच आंदणाचं सांगते. मी आईला म्हटलं होतं, मला शिलाई मशीन दे, मला ब्लाउज शिवता येतात. आई तयार होती. काका म्हणाले, मांडवात मशीन ठेवली तर लोक म्हणतील पोरीला कामाला लावायला पाठवलं, फ्रीज पाहिजे. आमच्या जातीत त्या वर्षी सगळ्यांनी फ्रीजच दिला होता. दारावर हार घालून तो मांडवाच्या तोंडाशी ठेवला, येणारा-जाणारा हात लावून बघत होता. सासरी उन्हाळ्यात व्होल्टेज इतकं कमी राहते की तो फक्त घरघर करते, थंड करत नाही. आता खालच्या कप्प्यात मुलाचे स्वेटर आणि वर बियाण्याच्या पिशव्या आहेत, उंदरापासून वाचतात म्हणून. मशीन मी चार वर्षांनी बचत गटाच्या कर्जातून घेतली. त्या फ्रीजचे पैसे वडिलांनी दोन हंगाम फेडले.

पैसे बाबांचे, ठरवलं काकांनी, वापरायची मी. माझं मत काकांनी एकदाही विचारलं नाही. दादा, तुमच्या मुलीला विचारलं का? तुमच्या लिहिण्यात साळा आहे, भाऊ आहे, बायको गप्प आहे, आणि मुलगी तर नाहीच.

ढवळ्या-पवळ्या
सणाच्या खरेदीचा इषय हाये असं मले वाटलं, म्हनून पोयाचं सांगतो. यंदा जोडीसाठी नवी झूल, मठाटी, घुंगराच्या माया घेतल्या, 2,800 लागले. बायको म्हने एका दिवसाच्या झुलीपायी येवढे कायले, त्यात सरकीच्या ढेपीचं पोतं आलं असतं. गोष्ट तिची खरी होती. पन तोरनाखाली सारे गावचे बैल उभे रायतात, तवा आपला बैल जुन्या फाटक्या झुलीत कसा उभा करावा? वर्षभर तो माह्यासाठी राबते. झूल मी लोकायसाठी नाही, त्याच्यासाठी घेतली, अन् पुढच्या सालीबी घेईन. तुमी लोकायनं पायलं म्हनून खर्च वाढते म्हनता, पन लोकायसमोर मान देनं यातबी मनाचं काही असते.

जुनी वही
हेच मला म्हणायचं होतं. पोरीला मांडवात मान देणं आणि दिखावा करणं एक नाही.

सुनबाई, घाटंजीकडची
बैलाला झूल मागता येत नाही, म्हणून धनी ठरवते. पोरीला तोंड आहे.

गुरुकुंजाच्या वाटेवरचा
एकट्या माणसानं कमी केलं की तो कंजूष ठरते, सगळ्यांनी मिळून केलं की रीत ठरते. आमच्या गावात सात-आठ घरांनी बसून ठरवलं, मानाची साडी एकाच भावाची आणि आंदण मांडवात मांडायचं नाही, घरी पोचवायचं. पहिल्या दोन लग्नांत कुजबूज झाली, तिसऱ्यात कोणी विचारलंही नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांनी कर्ज काढून लग्न करू नका म्हणून कीर्तनांतून किती सांगितलं. एकेकट्यानं ऐकून ते जमत नाही, गावानंच ठरवावं लागते. सामुदायिक विवाहातही हेच बळ आहे.

कापडाची गादी, दिग्रस
एक अडचण सांगतो. सामुदायिक विवाह करून आठ दिवसांनी घरी स्वागत समारंभ ठेवणारे मी बरेच पाहिले, आणि त्याचा बस्ता पुन्हा माझ्याकडेच होते. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापतात, तरी पाकीट येतेच. आंदण मांडवात न मांडण्याचा तुमचा नियम मात्र मला नेमका वाटला, कारण त्यात बघण्याची जागाच उरत नाही. पण सोयरे दुसऱ्या गावचे असले तर तुमच्या गावचा ठराव त्यांच्यावर चालत नाही. त्याला माझ्याजवळही उत्तर नाही.

दादा, रविवारसाठी तीनच गोष्टी. एक, बस्त्याच्या आधी व्याह्यांना फोन करा आणि शालू-कोट दोन्ही साधारण एकाच आकड्यात ठेवायचं बोलून घ्या. घरी बोललं की ते समजूतदारपणाचं वाटते, दुकानात बोललं की भांडणाचं. दोन, मानाच्या सगळ्या साड्या एकाच गठ्ठ्यातल्या घ्या, एकच पोत, एकच भाव, फक्त रंग वेगळे. बायका साडीची किंमत विचारत नाहीत, शेजारणीच्या साडीला हात लावून बघतात, आणि सगळ्या सारख्या लागल्या की विषय मिटते. आजेसासूचं नऊवारी लुगडं तेवढं वेगळं घ्या, त्याला कोणी नाव ठेवत नाही. तीन, चौदा माणसं नेऊ नका. प्रत्येक जास्तीचा माणूस एक जुनं लग्न आठवून सांगते आणि तोच पुढचा भाव होते. मी दुकानदार असून सांगतो, गर्दी जितकी जास्त तितकं माझं बिल मोठं होते.

जुनी वही
चार माणसं नेली तर राहिलेली दहा रुसतील, त्याचं काय? रुसवा काढायला साडीपेक्षा जास्त लागते.

पाच एकर, दारव्हा तालुका
काल रात्री मुलीला विचारलं. आधी म्हणाली तुम्ही घ्याल ते घ्या. तिची आई उठून आत गेल्यावर म्हणाली, शालू हलका असला तरी चालेल, गादी कापसाची भरून घ्या, आपल्याच घरच्या कापसाची. पिंजाऱ्याला सांगून ठेवलं आहे, दोन गाद्या आणि एक रजई.

व्याह्यांना फोन केला. ते हो म्हणाले, पण ‘आमच्या बहिणीला विचारून सांगतो’ असंही म्हणाले. त्यांचं उत्तर अजून आलं नाही. गाडी एकच करायची ठरवली आहे. भाऊ येणार आहे. साल्याला अजून सांगितलं नाही.