शब्दचर्चा : e हा ‘नैसर्गिक पाया’ का म्हणावा?

रामबागकर (इंदूर)
माझी पुतणी इंदुरात हिंदी माध्यमातून बारावीचे गणित शिकत आहे. तिच्या पुस्तकात ‘चरघातांकी फलन’, ‘अवकलज’ आणि ‘प्राकृतिक लघुगणक’ असे शब्द येतात. मी मराठीत ‘घातांकी फल’, ‘विकलज’ आणि ‘नैसर्गिक लॉगरिदम’ असे शब्द वाचत आलो. शब्दांच्या जोड्या जुळवणे सोपे होते, पण तिने विचारलेल्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. २ हा पाया समजतो, १० हाही समजतो, मग २.७१८२८… या ओबडधोबड संख्येलाच ‘नैसर्गिक’ का म्हणायचे? पुस्तकात एवढेच लिहिले आहे की e^x चा अवकलज e^x च असतो. हे का घडते आणि त्याचा ‘नैसर्गिक’ या विशेषणाशी काय संबंध आहे, हे कोणी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

सराफाकर (इंदूर)
कॅल्क्युलेटरवर मोठे उत्तर आले की मध्ये E उमटतो आणि त्याचा अर्थ ‘दहाचा अमुक घात’ असा असतो. तेव्हा पाया दहाच आहे, e हे केवळ चिन्ह आहे, असे मला वाटते.

मांडवीकर (वडोदरा)
सराफाकर, तो E वेगळा आहे. 3.2E5 मधील E म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’ एवढीच खूण असते. येथे विचारलेला e ही एक ठरावीक संख्या आहे.

तुकोगंज (इंदूर)
उत्तर फार अवघड नाही. घाताचे विकलन करताना घातांक खाली उतरवायचा आणि त्यातून १ वजा करायचा, हा नियम सर्वांना पाठ असतो. त्यानुसार 2^x चा विकलज x·2^(x−1) येतो. e हा एकच पाया असा आहे की तेथे हा नियम लागू होत नाही आणि फल जसेच्या तसे राहते. शिवाय e^x सर्वांत वेगाने वाढते, म्हणूनच ते विशेष आहे.

मांडवीकर (वडोदरा)
तुकोगंज साहेब, आपण सांगितलेला नियम खरा आहे, पण तो x^2, x^3 अशा फलांचा आहे, जेथे पाया बदलतो आणि घातांक स्थिर असतो. 2^x मध्ये नेमके उलटे घडते. शंका असल्यास x = 3 घेऊन पाहावे. तेथे फलाची किंमत ८ आहे, आणि आपल्या नियमाने वाढीचा दर ३ गुणिले ४, म्हणजे १२ यायला हवा. आता x थोडासा वाढवून 3.001 करा : 2^3.001 ची किंमत ८.००५५४७ येते. वाढ ०.००५५४७ झाली, तिला ०.००१ ने भागले की दर सुमारे ५.५५ मिळतो. हे उत्तर १२ च्या जवळपासही नाही. x = 0 येथे तर आपला नियम शून्य दर सांगतो, म्हणजे आलेख तेथे सपाट असायला हवा, आणि तो उघडच चढता असतो. वेगाविषयी म्हणाल तर 3^x हे e^x पेक्षा वेगाने वाढते आणि 10^x त्याहूनही वेगाने. e चे वैशिष्ट्य तेथे नाही.

ते कोठे आहे हे पाहण्यासाठी कोणताही धन पाया a घेऊ. x पासून x + h पर्यंत गेल्यावर झालेली वाढ a^(x+h) − a^x इतकी असते. घातांकांच्या नियमाने यातून a^x बाहेर काढता येतो आणि आत a^h − 1 उरते. म्हणून वाढीचा सरासरी दर असा येतो :

a^x · (a^h − 1)/h

कंसातील भागात x कोठेही नाही, आणि सगळा उलगडा एवढ्यातच आहे. h शून्याकडे नेल्यावर तो भाग एका संख्येकडे जातो आणि ती संख्या फक्त पायावर अवलंबून असते. म्हणजे कोणत्याही पायाच्या घातांकी फलाचा विकलज हा त्या फलाचाच एका ठरावीक संख्येने गुणलेला अवतार असतो; हा गुण एकट्या e चा नाही. h = 0.001 घेतल्यास तो गुणक २ या पायासाठी ०.६९३४ आणि ३ साठी १.०९९२ येतो. वर मिळालेला ५.५५ हा दरसुद्धा ८ गुणिले ०.६९३ एवढाच आहे. दोनसाठी गुणक एकापेक्षा कमी आहे, तीनसाठी जास्त आहे, आणि पाया हळूहळू वाढवला की गुणकही न तुटता वाढत जातो. तेव्हा मध्ये कोठेतरी तो बरोबर १ होणारच. ज्या पायाशी तो १ होतो, त्या पायाला e म्हणतात. त्यामुळे ‘e^x चा विकलज e^x का’ असे विचारण्यापेक्षा ‘गुणक १ व्हावा असा पाया कोणता’ असे विचारणे मला अधिक सरळ वाटते.

निवृत्त रोखपाल (इंदूर)
मांडवीकर ताई, आपले म्हणणे समजले, पण आम्हा बँकवाल्यांना e वेगळ्या वाटेने भेटला होता. एक रुपया दरसाल शंभर टक्के व्याजाने ठेवला आणि व्याज वर्षातून एकदाच जोडले, तर वर्षअखेरीस २ रुपये होतात. सहामाही जोडले तर २.२५, तिमाही जोडले तर २.४४१४, दरमहा जोडले तर २.६१३० आणि रोज जोडले तर २.७१४६ होतात. व्याज जोडण्याचे हप्ते कितीही वाढवले तरी ही रक्कम २.७१८२८… च्या पुढे जात नाही. यात विकलज कोठे आला, हे मला आजवर उमगलेले नाही. एकाच संख्येच्या या दोन निरनिराळ्या ओळखी आहेत की काय?

मांडवीकर (वडोदरा)
काका, या दोन्ही ओळखी एकाच समीकरणाच्या आहेत. h शून्याकडे न नेता तो ठरावीक ठेवू आणि विचारू की (a^h − 1)/h हे तंतोतंत १ केव्हा होईल. उत्तर लगेच मिळते : a^h = 1 + h, म्हणून a = (1 + h)^(1/h). आता h = 1 ठेवा, a = 2 मिळतो. h अर्धा केला तर २.२५ आणि पाव केला तर २.४४१४ मिळतो. हे आपल्याच खातेवहीतील आकडे आहेत, आणि h म्हणजे दोन व्याजजोडण्यांमधील अंतर आहे.

याचा अर्थ असा की पूर्ण एक अशी पायरी घेतली तर ‘स्वतःइतकीच वाढ’ हा मान २ या पायाकडे जातो. १, २, ४, ८, १६ या ओळीत शेजारच्या संख्यांची वजाबाकी केली की पुन्हा १, २, ४, ८ हीच ओळ मिळते. पायरी तिमाहीची केली तर तो मान २.४४१४ कडे जातो. पायरी लहान करत गेलो की मानकरी पाया वर सरकतो, आणि पायरी उरतच नाही तेव्हा तो e वर येऊन थांबतो. शंभर टक्के दर म्हणजे ‘आत्ता जितकी रक्कम आहे तितकाच वाढीचा वेग’, आणि ‘विकलज फलाइतकाच’ या वाक्याचाही अर्थ तोच आहे. याकोब बर्नुली यांनी १६८३ मध्ये हा व्याजाचाच प्रश्न हाताळला आणि ही मर्यादा २ आणि ३ यांच्या दरम्यान असल्याचे दाखवले. e हे अक्षर नंतरचे आहे. ऑयलर यांनी १७३१ मध्ये गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे, आणि १७३६ मध्ये ते छापील ग्रंथातही आले.

रामबागकर (इंदूर)
पुतणीने हा गुणक स्वतः काढून पाहिला. h = 0.001 घेऊन तिला दोनसाठी ०.६९३४ मिळाले; पण अधिक अचूक उत्तर यावे म्हणून तिने h = 10^−16 घेतले, तेव्हा कॅल्क्युलेटरने चक्क शून्य दाखवले.

मांडवीकर (वडोदरा)
h इतका लहान घेतला की 2^h आणि १ यांच्यातील फरक यंत्राला धरता येत असलेल्या अंकांच्या पलीकडे जातो, यंत्र 2^h ला १ समजते आणि वजाबाकी शून्य होते. h एकेका दशांशाने लहान करत जावे. उत्तराचे अंक स्थिर होता होता पुन्हा डळमळू लागले की आधीच्या पायरीवर थांबावे.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
विवेचन सुबोध आहे, तरी दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की (a^h − 1)/h एखाद्या संख्येकडे जाते हे येथे गृहीत धरले आहे, सिद्ध केलेले नाही. पुस्तकांत बरेचदा ही मर्यादा लॉगरिदमच्या विकलजावरून काढतात आणि तो विकलज पुन्हा या मर्यादेवरून काढतात. अशाने वर्तुळ पूर्ण होते, सिद्धता होत नाही. दुसरा आक्षेप शब्दाविषयी आहे. 2^x म्हणजे e^(0.693x) च होय, फक्त आडवा अक्ष ताणलेला असतो. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल मोजणाऱ्याला २ हाच पाया सोयीचा वाटतो, मग ‘नैसर्गिक’ हा मान एकट्या e ला का द्यावा?

मांडवीकर (वडोदरा)
पहिला आक्षेप योग्य आहे. a एकापेक्षा मोठा असेल तर h कमी करत जाताना हा भागाकार सतत घटतो; दोनसाठी h = 1, 1/2, 1/4 घेतल्यास १, ०.८२८४, ०.७५६८ असे आकडे येतात. तो शून्याच्या खाली मात्र जाऊ शकत नाही. सतत घटणारी आणि खालून अडवलेली राशी कोठेतरी स्थिरावतेच, म्हणून लॉगरिदमचा आधार न घेताही मर्यादा अस्तित्वात आहे असे म्हणता येते. ती प्रत्यक्ष शून्य नाही, हे h ऋण घेऊन मिळणाऱ्या आकड्यांवरून कळते : h = −1 ला ०.५ येतो, आणि मर्यादा त्याच्या वरच राहते. घटण्याची सिद्धता मी येथे दिलेली नाही, ही उणीव मान्य आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मी अर्धी सहमत आहे. पाया बदलणे म्हणजे x चे एकक बदलणे होय, त्यामुळे २ पाया घेऊन कोणाचे काही बिघडत नाही. पण वाढीचा वेग काढायची वेळ आली की तो ०.६९३ दरवेळी सोबत येतो. e घेतला की असा गुणक उरत नाही. या मर्यादित अर्थाने मी ‘नैसर्गिक’ हे विशेषण स्वीकारते.

निवृत्त रोखपाल (इंदूर)
रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील हे सांगताना आम्ही ७२ ला व्याजदराने भागत असू. आठ टक्क्यांना नऊ वर्षे. व्याज क्षणोक्षणी जोडले तर ७२ च्या जागी ६९.३ घ्यावे लागते, असे एका सहकाऱ्याने सांगितले होते. तो आकडा या ०.६९३ मधूनच आला, हे आज कळले.

तुकोगंज (इंदूर)
माझा नियम चुकीच्या फलाला लावला गेला, हे पटले. परंतु स्वतःचाच विकलज असणारे फल e^x हे एकमेव आहे, एवढे तरी खरे ना?

मांडवीकर (वडोदरा)
तेही थोडे सैल आहे. 5e^x चा विकलज 5e^x च असतो, आणि सतत शून्य राहणारे फलही ही अट पाळते. नेमके म्हणायचे तर e^x ला एखाद्या स्थिर संख्येने गुणून मिळणारी फलेच ही अट पाळतात, आणि त्यांपैकी x = 0 येथे किंमत १ असणारे फल एकच आहे. असे दुसरे कोणतेही फल घेऊन त्याला e^x ने भागा. त्या भागाकाराचा विकलज शून्य येतो, म्हणून तो भागाकार स्थिर असतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
घटण्याची सिद्धता मिळाली तरी 2^√2 म्हणजे काय हा प्रश्न उरतोच, कारण वरचे सर्व विवेचन अपरिमेय घातांकांना अर्थ आहे असे धरून चालते. म्हणून मी आधी 1/t या वक्राखालील क्षेत्रफळाने लॉगरिदमची व्याख्या करावी आणि e^x हे त्याचे व्यस्त फल म्हणून आणावे, याच मताचा आहे.

रामबागकर (इंदूर)
तो मार्ग अधिक भक्कम असेलही, पण पुतणीला क्षेत्रफळाचे संकलन अजून शिकवलेले नाही. तूर्त मी तिला गुणक १ करणारा पाया शोधण्याचाच मार्ग दाखवणार आहे, आणि वहीत ‘प्राकृतिक लघुगणक’ या शब्दापुढे ‘ज्या पायावर विकलनाचा गुणक १ होतो त्या पायाचा लॉगरिदम’ असे लिहून ठेवणार आहे.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
त्या नोंदीत ‘मर्यादेत’ हा शब्द अवश्य घालावा. नाहीतर पूर्ण एकच्या पायरीला ती नोंद २ लाही लागू पडेल.