मदत हवी आहे: राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीवरील व्याजातून खर्च किती वजा करायचा?

सोलापुरातील पगारदार पतसंस्थेचं विवरणपत्र, आकारणी वर्ष 2025-26. सभासद कर्जावरील व्याज 60 लाख, जिल्हा बँकेच्या ठेवीवरील 7 लाख, राष्ट्रीयीकृत बँकेच्या ठेवीवरील 7 लाख. ठेवीदारांना दिलेलं व्याज 45 लाख, व्यवस्थापन खर्च 11 लाख. नफा 18 लाख.

सभासद कर्जाला 80P(2)(a)(i), जिल्हा बँकेच्या व्याजाला 80P(2)(d) लावतोय, दोन्ही निव्वळ रकमेवर. 80P(4) चा वाद इथे नको. राष्ट्रीयीकृत बँकेचं व्याज 'टोटगार्स' निकालामुळे इतर उत्पन्नात धरलंय.

अडचण कलम 57 ची. छाननीत अख्खे 7 लाख करपात्र धरतात, जणू ठेवीचा पैसा फुकट आला! उत्पन्नाच्या प्रमाणात 56 लाखांपैकी 5.30 लाख वजा होतात, करपात्र 1.70 लाख. पण निधीच्या प्रमाणात, म्हणजे 7 कोटींपैकी 1 कोटी धरले, तर ठेवीदारांचं व्याजच 6.43 लाख येतं आणि 57 हजारच उरतात. मला दुसरी पद्धत जास्त पटते, मात्र ही ठेव राखीव निधीतून असेल तर ती टिकत नाही.

मासिक सरासरी शिल्लकेचा तक्ता जोडून निधीची पद्धत अपिलात कुणी टिकवली आहे का? व्यवस्थापन खर्चातला वाटा मान्य झाला का?