सेंटर पासची टक्केवारी सारखी, मग आक्रमणही सारखंच?

धागा: तिसरा_टप्पा
नेटबॉलच्या सामन्यांत दोन संघांनी आपापले ५० सेंटर पास घेतले आणि त्यातून दोघांचेही ३६ गोल झाले. म्हणजे दोघांचंही रूपांतर ७२ टक्के. मग दोघांची आक्रमण फळी एकाच दर्जाची म्हणायची, की सर्कलमध्ये गमावलेले चेंडू वेगळे मोजायचे?

वहीवाली
वेगळेच मोजा. दोघांचे १४ पास वाया गेले, पण ते कुठे गेले ते लिहा. समजा पहिल्या संघाने ५ चेंडू सर्कलपर्यंत पोचण्याआधी गमावले आणि ९ सर्कलमध्ये. म्हणजे ४५ वेळा चेंडू सर्कलशी आला आणि त्यातून ३६ गोल झाले: ८० टक्के. दुसऱ्याचे ११ वाटेत गेले आणि ३ सर्कलमध्ये, म्हणजे ३९ पैकी ३६, साधारण ९२ टक्के. दुसऱ्या संघाच्या शूटर जोडीला हात लावायची गरज नाही. त्यांचा घोळ मधल्या भागात आहे, पहिल्या पासला मोकळं होण्यात किंवा दुसऱ्या पासला. पहिल्या संघात मात्र चेंडू नीट वर येतो आणि शेवटी सांडतो.

रेघ कुठे मारायची हे आधी ठरवा. फीड हातातून सुटला की पुढचं सगळं सर्कलच्या खात्यात, असं मी धरते.

कडेकडेने
इथेच तर गफलत आहे. ते ९ चेंडू उघडून बघा. समजा ४ चुकलेले शॉट, ज्यांचा रिबाउंड बचावाने घेतला. ३ उंच फीड गोल कीपरने टिपले. एकदा गोल शूटरची स्टेपिंग झाली आणि एकदा विंग अटॅकचा पाय सर्कलच्या रेषेत पडला, ऑफसाइड. यातल्या ५ चेंडूंची जबाबदारी शूटरची, बाकी ४ ची नाही. तरी आकडा वाचणारा शूटरलाच बोल लावतो.

आणि ते ३ फीड का टिपले गेले? सर्कलच्या कडेला पोचून दिलेला फीड छोटा असतो, गोल कीपरला हलायला वेळ मिळत नाही. चार-पाच मीटर मागून फेकलेला उंच चेंडू हवेत लोंबतो. तो तिथून फेकावा लागतो, कारण ३ सेकंद संपत आलेली असतात आणि दुसरा पर्याय समोर आलेलाच नसतो. चूक मधल्या भागातली, नोंद सर्कलमधली.

गोलपोस्टखाली
आमची गोल शूटर ९० टक्के शॉट टाकते, तरी रूपांतर ७० च्या आसपासच. हिशेब चुकतोय का?

वहीवाली
हिशेब बरोबर आहे, मोजायचे आकडे दोन आहेत. नेमबाजीत भाजक शॉटचा, रूपांतरात सेंटर पासचा. शॉटच न झालेला पास नेमबाजीत दिसत नाही. उलटही होतं: शॉट चुकला, रिबाउंड आपल्याच गोल अटॅकला मिळाला, तिने टाकला, तर नेमबाजी दोनात एक, पण सेंटर पास पूर्ण वसूल.

@कडेकडेने, उंच फीडचं पटलं. टर्नओव्हरसमोर 'कुणी फेकला, किती लांबून' एवढा रकाना वाढवा. पण म्हणून सर्कलचा आकडाच टाकून देऊ नका.

सरळ_हिशेब
एवढी चिरफाड कशाला? आपले सगळे सेंटर पास गोलात गेले तर हरणं शक्यच नाही.

कडेकडेने
जवळपास खरं. सेंटर पास आळीपाळीने मिळतात, गोल कुणी केला याने फरक पडत नाही. समोरच्यांचा पहिलाही आणि शेवटचाही असला तर त्यांच्याकडे एक जास्त. त्यांनीही सगळे वसूल केले तर तुम्ही एका गोलने हरता.

मला खरी भीती वेगळी वाटते. सर्कल टर्नओव्हर कमी करा म्हटलं की शूटर हातात आलेला चेंडू पुन्हा बाहेर विंग अटॅककडे देतात. एकदा-दोनदा ठीक, त्याने जागा सुधारते. पण चौथ्यांदा बाहेर दिलेला पास विंग डिफेन्स वाट बघत टिपते आणि तुमच्या वहीत तो 'सर्कलबाहेर' पडतो. आकडा सुधारला, गोल तेवढेच.

वहीवाली
म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. सर्कलचे ९ वरून ५ झाले आणि बाहेरचे ५ वरून ९, तर रूपांतर ७२ वरच अडकलेलं दिसेल. चोरी तिथेच पकडली जाते.

दोन_गुणी
ऑस्ट्रेलियातल्या सुपर नेटबॉलमध्ये हे गणित आणखी बिघडतं. तिथे २०२० पासून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या ५ मिनिटांत लांबून टाकलेल्या गोलला २ गुण मिळतात. लांबून ५५ टक्के टाकणारी सरासरी १.१ गुण आणते, जवळून ९५ टक्के टाकणारी ०.९५. पहिलीच्या नावावर सर्कल टर्नओव्हर ढीगभर, तरी गुण तिचेच जास्त. तिथे पासामागे गोल न मोजता गुण मोजा.

वहीवाली
मान्य, ती ५ मिनिटं वेगळ्या पानावर.

तिसरा_टप्पा
एक राहिलं. आपला सेंटर पास गेला, आपल्याच गोल डिफेन्सने तो लगेच परत मिळवला आणि गोल झाला. हा वसूल धरायचा?

वहीवाली
नाही. पास तुटला तिथेच संपला. तो गोल बचावाच्या कमाईत.

कडेकडेने
मी धरते. चेंडू गेल्यावर लगेच दबाव टाकणारी बहुतेक वेळा विंग अटॅक किंवा सेंटर असते, आणि त्या आक्रमण फळीतच आहेत. तुमच्या पद्धतीने त्यांची ती धाव कुठेच नोंदली जात नाही.