प्रतिसाद: मृत्यूआधीची दुरुस्ती

"स्वतःच्याच घटकांना चिकटणारी बी पेशी अस्थिमज्जेत लगेच मारली जाते."

'लगेच' हा शब्द मला पटत नाही. अशा अपरिपक्व पेशीचा विकास तिथेच थांबतो, जनुकखंड कापून जोडणारी रॅग विकरे कार्यरत राहतात आणि प्रतिपिंडातील कप्पा या हलक्या साखळीचे जनुक पुन्हा जुळवून तिची चिकटण्याची जागा बदलली जाते. या जनुकातले अलीकडचे 'व्ही' आणि पलीकडचे 'जे' हे खंड शिल्लक असेपर्यंत हे पुन्हापुन्हा घडू शकते, आणि तेही न साधल्यास लॅम्डा या दुसऱ्या हलक्या साखळीची पाळी येते. जड साखळीला मात्र ही सोय जवळजवळ नाही, कारण तिला लागणारे उरलेले 'डी' खंड पहिल्याच जुळणीत कापले जातात. मृत्यू हा बहुधा यानंतरचा मार्ग असतो.

तरीही गाळणी पूर्ण नसते. मानवी पेशींवरील 2003 च्या अभ्यासात सुरुवातीच्या अपरिपक्व पेशींची 55 ते 75 टक्के प्रतिपिंडे स्वप्रतिक्रियाशील, म्हणजे स्वतःच्याच घटकांना चिकटणारी, आढळली. रक्तातील परिपक्व, अननुभवी पेशींत हे प्रमाण सुमारे 20 टक्के उरले होते.