लग्नानंतर आडनाव बदलायचंय: आधी आधार की पासपोर्ट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लग्न झालंय, नोंदणी झाली, विवाह प्रमाणपत्र हातात आहे. आता नाव बदलायचंय, आणि आपल्याकडे नुसतं आडनाव नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं.

माझ्या डोक्यातला क्रम असा: प्रमाणपत्र दाखवून आधी आधार, मग पॅन, नंतर बँक आणि पीएफ, शेवटी पासपोर्ट. आधार पहिलं, कारण पुढे सगळीकडे पडताळणी त्याच्याशीच होते. शिवाय आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग आत्ताच पक्कं करायचंय. पॅनच्या फॉर्मवर आडनाव, पहिलं आणि मधलं नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतं, आधारवर सलग. जुळवताना तिथेच गोंधळ होतो म्हणे.

खरी अडचण पासपोर्टची. डिसेंबरमध्ये दुबईला जायचंय आणि तिकीट माहेरच्या नावावर काढून झालंय. तिकीट आणि व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं, म्हणून पासपोर्ट परत आल्यावरच री-इश्यूला टाकावा असं वाटतं. सासूबाई म्हणतात, "एकदाच सगळं करून टाक." पण तिकिटाचं काय?

तर विचारायचंय: आधार-पॅन नवीन नावावर आणि पासपोर्ट जुन्या नावावर, असं असताना कोणी प्रवास केलाय का? विमानतळावर प्रमाणपत्र मागितलं का? आणि आधार बदललं, पॅन अजून जुनंच, या मधल्या काळात कुणाचा पगार किंवा पीएफचा क्लेम अडकला का?