सल्ला हवा : स्कॅन केलेल्या मोजणीच्या तक्त्यातले अंश-मिनिटं-सेकंद दशांशात कसे आणायचे?

ऐरोलीकर_मुलगी :
नमस्कार मंडळी. प्रोजेक्टसाठी ऐरोलीतल्या एका नाल्याच्या हद्दीचा तक्ता मिळालाय. ४६ बिंदू, झेरॉक्सची झेरॉक्स, तीही तिरकी स्कॅन केलेली. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत आहेत आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या बिंदूपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. मला हे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचंय. काल पहिले वीस टाकून बघितले, तर निम्मे बिंदू जुहूसमोर पार आत समुद्रात आणि निम्मे वाशी-कोपरखैरणेच्या मधे! बजेट शून्य, सोमवारी दाखवायचंय. काय करू?

ठाणेकर_पंत :
आधी चांगला स्कॅनर घ्या. मी मागच्या दिवाळीत घेतला, फीडरवाला. थोडा महाग पडला, पण घरातली सगळी जुनी कागदपत्रं एका रविवारात आत. झेरॉक्सवर काम करणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत.

ऐरोलीकर_मुलगी :
काका, बजेट शून्य लिहिलंय हो. आणि मूळ कागद माझ्याकडे नाहीच.

कळसूबाई_रिटर्न :
सोप्पंय. मिनिटांना ६० ने भागायचं आणि अंशात मिळवायचं, झालं. सेकंदांच्या फंदात पडू नका, माझ्या जीपीएसवर सेकंद दिसतच नाहीत. दहा वर्षं ट्रेक करतोय, कधी चुकलो नाही. आणि दशांशाचे तीन आकडे पुष्कळ झाले.

मोजणीकाका :
कळसूबाई, तुमच्या यंत्रावर मिनिटंच दशांशात येतात, म्हणजे १९ अंश ९.६९२ मिनिटं असं. सेकंद त्या .६९२ मध्येच बसलेले असतात. हिच्या तक्त्यात ते वेगळे आहेत. सोडून दिले तर बिंदू पावणेदोन-दोन किलोमीटरपर्यंत सरकेल. आणि तीन आकडे ट्रेकला चालतील, नाल्याला नाही. तिसऱ्या आकड्यातला एक म्हणजे शंभर मीटरहून जास्त. सहा आकडे ठेवा.

मुली, तू आकडे नुसते टिंब देऊन एकापुढे एक चिकटवलेस ना? १७ आणि १८ नंबरचे बिंदू इथे टाक बघू.

ऐरोलीकर_मुलगी :
हो काका, चिकटवलेच 🙈
१७ : १९°०९'४१.५" उ., ७२°५९'५८.२" पू., अंतर १९१
१८ : १९°०९'३९.०" उ., ७३°००'०४.२" पू.
मी लिहिलं होतं १९.०९४१५, ७२.५९५८२ आणि १९.०९३९०, ७३.०००४२.

मोजणीकाका :
वाटलंच. ७३ ची रेषा ऐरोलीच्या मधूनच जाते, म्हणून तुझा नाला दुभंगला. रेषेच्या पश्चिमेला मिनिटं ५९, पूर्वेला ००. खरं तर या दोन बिंदूंच्या रेखांशात फरक फक्त ६ सेकंदांचा, पण तू चिकटवलेल्या आकड्यांत ते चाळीसेक किलोमीटर लांब गेले.

अंश, मिनिटं, सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत भर. B मध्ये अंश, C मध्ये मिनिटं, D मध्ये सेकंद. अक्षांशाला तीन रकाने, रेखांशाला तीन.

```
=B2+C2/60+D2/3600
```

१७ चा रेखांश करून बघ. ५९ भागिले ६० म्हणजे ०.९८३३३३, ५८.२ भागिले ३६०० म्हणजे ०.०१६१६७. बेरीज ७२.९९९५००. १८ चा येतो ७३.००११६७. अक्षांश १९.१६१५२८ आणि १९.१६०८३३. आता दोघे शेजारी आले.

आकडेमोड :
+१, सहा आकडे ठेवा. पण एवढे रकाने कशाला? एक्सेलमध्ये घड्याळासारखं लिहा, 72:59:58.2, आणि शेजारच्या खान्यात २४ ने गुणा. खान्याचा फॉरमॅट नंबर करायला मात्र विसरू नका, नाहीतर भलतीच वेळ दिसते. ऑफिसात सगळे मलाच विचारतात.

मोजणीकाका :
युक्ती बरोबर आहे, पण रकाने वेगळे असले की चूक डोळ्यांना दिसते. मिनिटांत किंवा सेकंदांत ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की तो वाचनाचा घोळ समजायचा.

कामोठेवाली :
आमच्याही गावच्या जमिनीची मोजणी दोन वर्षं अडकलीये. सातबाऱ्यावर क्षेत्र वेगळं, नकाशात वेगळं. तुम्ही वकील केलात का?

ऐरोलीकर_मुलगी :
ताई, माझी जमीन नाहीये, प्रोजेक्ट आहे 🙂

ठाणेकर_पंत :
म्हणूनच म्हणतो, स्कॅनर चांगला असेल तर ओसीआर आपोआप सगळं वाचतं.

मोजणीकाका :
पंत, ओसीआर अंशाच्या चिन्हाला शून्य समजतं आणि १९°०९ चं १९००९ करतं. मिनिटांच्या खुणेचा १ होतो. या चुका निदान लगेच दिसतात. ३१ चा ३७ झाला तर दोन्ही साठच्या आतले, काहीच दिसत नाही, आणि अक्षांशात बिंदू १८० मीटरच्या वर सरकतो.

त्यावर उपाय तुझ्या शेवटच्या रकान्यात आहे. आपल्याकडे एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.२. १७ ते १८ मध्ये अक्षांशाचा फरक २.५ सेकंद, म्हणजे ७७ मीटर. रेखांशाचा ६, म्हणजे १७५. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढ, १९१ येतं. तक्त्यातही १९१ आहे. ज्या जोडीचं जुळणार नाही तिथे झेरॉक्स भिंगातून बघ.

कळसूबाई_रिटर्न :
मी तेच म्हणत होतो, ६० ने भागायचं. फक्त एक पायरी कमी सांगितली. आणि क्यूजीआयएसमध्ये X ला रेखांश द्या. मी एकदा उलटं दिलं तर आमचा अख्खा ट्रेक नॉर्वेच्या वर समुद्रात.

मोजणीकाका :
हे मात्र लाखमोलाचं सांगितलंत.

अजून एक. सगळे बिंदू एकाच दिशेला, सारखेच, शंभरएक मीटर सरकलेले दिसले तर ती भागाकाराची चूक नसते. तक्ता जुन्या एव्हरेस्ट डेटमवरचा असू शकतो आणि तुझा नकाशा डब्ल्यूजीएस-८४ वरचा, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पायाच वेगळा. तक्त्याखाली डेटमची टीप असेल, बघ.

आकडेमोड :
क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही घेताना डीएमएसचा, म्हणजे अंश-मिनिटं-सेकंदांचा पर्याय असतो की. तिथे खूण केली तर सूत्राचीही गरज नाही.

मोजणीकाका :
आहे. पण चुकीचा ३७ तोही मुकाट्याने घेतो.

ऐरोलीकर_मुलगी :
मंडळी, ओसीआर नाही, घड्याळ नाही, डीएमएसची खूण नाही. आई ताटात मेथी निवडत झेरॉक्सवरून एकेक आकडा वाचत गेली, मी टाइप करत गेले. दोन तास लागले. "चार की नऊ?" यावरून दोनदा भांडण. मग उलट केलं, मी वाचले आणि तिने स्क्रीनवर बोट ठेवून तपासले. नाला आता नाल्यावर बसलाय, सरकलेला वाटत नाही. टीप होती तो कोपरा झेरॉक्समध्ये आलेलाच नाही.

फक्त ३१ नंबर अडलाय. सेकंदांत १ आहे की ७ कळत नाही. १ धरला तर ३० पासूनचं अंतर जुळतं, ३२ पर्यंतचं नाही. ७ धरला तर बरोबर उलटं.

मोजणीकाका :
मग ३१ वर लगेच आळ घेऊ नकोस. ३२ ते ३३ जुळतंय का?

ऐरोलीकर_मुलगी :
जुळतंय. पण ३३ मलाही संशयास्पद वाटतोय. सोमवारी सकाळी मूळ कागद बघायला मिळतोय का विचारते.

ठाणेकर_पंत :
मूळ कागद मिळाला तर माझ्याकडे घेऊन या. ३०० नाही, ६०० डीपीआयवर काढून देतो.